साबण, पाणी आणि चमत्कार

इ. स. १५८८ च्या शरद ऋतूतील गोष्ट. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तेथील आनुन्सियादा नावाच्या डॉमिनिकन मठात धर्मसत्तेने नेमलेले काही चौकशी अधिकारी एका धर्मभगिनीसमोर बसले होते. त्यांच्या पुढ्यात भांडेभर पाणी होते आणि शेजारी साबण. समोर बसलेली स्त्री साधीसुधी नव्हती. त्या मठाची ती प्रमुख होती. तिचे नाव सिस्टर मारिया द व्हिझिटासांव. तिच्या हातापायांवर आणि कुशीवर प्रभू येशूच्या पवित्र पंचक्षतांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी ख्याती केवळ पोर्तुगालमध्येच नव्हे, तर युरोपच्या दूरदूरच्या देशांत पसरलेली होती. अधिकाऱ्यांनी तिचे हात पाण्यात धरले आणि साबणाने ते नेटाने घासण्यास सुरुवात केली. थोड्याच वेळात जखमा फिकट झाल्या, पाण्याला रंग चढला आणि तळहाताची निरोगी कातडी दिसू लागली.

त्या काळी आपली वसई आणि गोवा याच पोर्तुगालच्या ताब्यात होते, आणि इ. स. १५८० पासून स्वतः पोर्तुगाल स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या अमलाखाली आले होते. ज्या राज्यातून आपल्या पूर्वजांपर्यंत सुवार्ता आली, त्याच राज्याच्या राजधानीत ही घटना घडली. परंतु तिचे महत्त्व त्याहून वेगळे आहे. खरा चमत्कार कोणता आणि हातचलाखी कोणती, देवाकडून आलेली भविष्यवाणी कोणती आणि माणसाच्या मनची कोणती, हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या विद्वानांनी शतकानुशतके कसा हाताळला, त्यांचे नियम कुठे उपयोगी पडले आणि ते वापरण्यात माणसे कुठे चुकली, हे सारे या एका प्रकरणात लख्ख दिसते. त्यासाठी लिस्बनचा तो मठ क्षणभर बाजूला ठेवून आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे महागुरुस्वामी संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा आपला महाग्रंथ लिहिला. त्यात ते लोहचुंबकाविषयी लिहितात. चुंबकाने लोखंडाची एक कडी उचलली, त्या कडीने दुसरी, दुसरीने तिसरी, आणि पाहता पाहता एकमेकींत न अडकवलेल्या कड्यांची साखळी हवेत लोंबू लागली, हे प्रथम पाहिले तेव्हा आपण थक्क झालो, असे ते प्रांजळपणे सांगतात. पुढे ते सेव्हेरुस या आपल्या सहकारी महागुरुस्वामींनी एका सरदाराच्या घरी जेवणाच्या वेळी पाहिलेला प्रकार नोंदवतात. त्या सरदाराने चांदीच्या ताटावर लोखंडाचा तुकडा ठेवला आणि ताटाखाली चुंबक धरून हात फिरवू लागला. चांदीवर काहीच परिणाम होत नव्हता, वरचे लोखंड मात्र इकडून तिकडे धावत होते. खालचा हात ज्याला दिसला नसेल, त्याला हा चमत्कारच वाटला असता.

ऑगस्टीनने या उदाहरणांतून काढलेला निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपण ज्याला निसर्गाविरुद्ध म्हणतो ते बहुधा निसर्गाविरुद्ध नसते. निसर्गाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याच्याविरुद्ध असते. हा विचार चमत्काराची महती कमी करण्यासाठी त्याने मांडला नव्हता. चुंबकाचे रहस्य न कळताही तुम्ही चुंबक मान्य करता, मग देवाचे सामर्थ्य अमान्य का करता, असा त्याचा रोख अविश्वासी लोकांवर होता. पण त्याच्या या वाक्याला दुसरी धारही होती. एखाद्या गोष्टीने मी थक्क झालो, एवढ्यावरून ती देवाने केली असे ठरत नाही. विस्मय हा पाहणाऱ्याच्या अज्ञानाचाही पुरावा असू शकतो.

ही दुसरी धार तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी परजली. त्यांनी ग्रहणाचे उदाहरण घेतले. सूर्य भर दिवसा काळवंडला की खेडुताला नवल वाटते, ज्योतिर्विदाला वाटत नाही. कारण त्याला कारण माहीत असते. म्हणून एखाद्याला नवल वाटणे ही चमत्काराची कसोटी होऊ शकत नाही. ज्याचे कारण सर्वांनाच, अगदी सर्वांत ज्ञानी माणसालाही, अगम्य असते आणि जे निर्माण केलेल्या साऱ्या निसर्गाच्या शक्तीपलीकडे असते, तेच थॉमसच्या मते खरे चमत्कार. तसे कृत्य केवळ देवच करू शकतो. देवदूत वा दुरात्मे हेही देवाने निर्माण केलेले जीव आहेत. माणसापेक्षा ते चतुर आहेत, निसर्गातील गुप्त शक्ती त्यांना अधिक ठाऊक आहेत, आणि त्यांच्या साहाय्याने ते आपल्याला चकित करणारी कृत्ये करू शकतात. पण ती आश्चर्ये होत, चमत्कार नव्हेत. चुंबक ताटाखाली धरणारा हात अदृश्य असला, तरी तो हातच असतो.

त्यामुळे विद्वानांपुढे तीन निरनिराळी दालने झाली. पहिल्यात देवाचे कृत्य. दुसऱ्यात जादू, म्हणजे दुरात्म्यांच्या साहाय्याने निसर्गाच्या शक्तींचा केलेला वापर. त्यात घडणारी गोष्ट खरोखर घडते, पण तिचे मूळ देवात नसते. आणि तिसऱ्यात निव्वळ फसवणूक, जिथे काही घडतच नाही, घडल्याचा भास होतो. निर्गमाच्या पुस्तकात फारोचे जादूगार मोशे आणि अहरोन यांच्यासारखीच काठीचा साप करण्याची करामत करतात, पाण्याचे रक्त करतात, बेडूकही आणतात. पण तिसऱ्या पीडेच्या वेळी, धुळीच्या उवा करताना, त्यांचे हात टेकतात, आणि ते स्वतःच देवाच्या सामर्थ्याची कबुली देतात. या कथेवर धर्मपंडितांनी पानेच्या पाने लिहिली. जादूगारांचे साप खरे होते की नजरबंदी होती, यावर त्यांच्यात एकमत नव्हते. पण एका गोष्टीवर होते. जादूगाराच्या शक्तीला कुठेतरी कुंपण असते आणि ते कुंपण शोधून काढणे हेच परीक्षकाचे काम.

आता भविष्यवाणीकडे वळू. येथे बायबलनेच दोन कसोट्या घालून दिल्या आहेत. त्या दोन्ही अनुवादाच्या पुस्तकात आहेत. अठराव्या अध्यायातील कसोटी सोपी आहे: संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते परमेश्वराचे वचन नव्हते. तेराव्या अध्यायातील कसोटी अधिक कठोर आहे. सांगितलेले चिन्ह घडून आले, पण तो संदेष्टा लोकांना परक्या देवांकडे नेऊ पाहत असला, तर त्याचे ऐकू नये. म्हणजे भविष्य खरे ठरणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

थॉमसने यात एक महत्त्वाचा भेद आणला. भविष्य दोन प्रकारे जाणता येते. एक, कारणांवरून. वैद्य नाडी पाहून रोगी वाचणार नाही असे सांगतो, ज्योतिर्विद ग्रहणाचा दिवस सांगतो, चाणाक्ष माणूस दरबारातील वाऱ्याची दिशा ओळखून कोणाचा अधःपात होणार ते सांगतो. दुरात्म्यांनाही हे अधिक सफाईने जमते. हे ज्ञान आहे, भविष्यवाणी नव्हे. दुसरा प्रकार, जी गोष्ट माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर अवलंबून आहे आणि तिची कारणे अजून ठरलेलीच नाहीत, ती प्रत्यक्ष पाहिल्यासारखी जाणणे. हे केवळ देवालाच शक्य आहे, आणि त्याने प्रकट केले तरच माणसाला कळते. संदेष्ट्याला ते ज्ञान कायमचे मिळत नाही. हवेत प्रकाश भरावा आणि सरावा, तसे ते येते आणि जाते. म्हणूनच खरा संदेष्टाही कधी देवाच्या प्रेरणेने बोलतो, तर कधी स्वतःच्या मनाने, आणि त्याला स्वतःलाही हा फरक नेहमी कळतोच असे नाही.

आणि योनाचे काय? चाळीस दिवसांनी निनवे नष्ट होईल असे त्याने सांगितले आणि निनवे वाचली. पंडितांचे उत्तर असे की, ती धमकीवजा भविष्यवाणी होती. लोकांची दुष्कृत्ये ज्या दिशेने चालली होती त्या दिशेला काय आहे, ते तिने सांगितले. लोक वळले, शिक्षा टळली. हे उत्तर खोल आहे, पण त्यात एक धोका होता आणि तो त्यांनी ओळखला. प्रत्येक फसलेल्या भविष्याला अशी सबब देता येते. म्हणून ज्याने अटीविना, तारखेनिशी भाकीत केले, त्याला ते फसल्यावर योनाच्या मागे लपता येणार नाही, असा दंडक ते लावीत.

आणखी एक भेद थॉमसने केला आणि तोच आपल्या कथेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. भविष्यवाणी वा चमत्कार हे इतरांच्या हितासाठी दिलेले दान आहे; ते ज्याच्या द्वारा घडते त्याच्या पावित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. लोभी बलामाच्या तोंडून देव बोलला, आणि प्रभू येशूच्या मृत्यूचा कट रचणारा प्रमुख याजक कयफाही नकळत भविष्य बोलून गेला. या नियमाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, जरी ती माणसाच्या मनाला पटत नाही: एखादी व्यक्ती पवित्र दिसते, एवढ्यावरून तिच्या हातून घडलेली प्रत्येक अद्भुत गोष्ट खरी ठरत नाही. गोष्ट आणि व्यक्ती यांची परीक्षा वेगवेगळी झाली पाहिजे.

आता आपण पुन्हा लिस्बनला परतू.

सिस्टर मारिया बड्या घराण्यातील होती. लहानपणीच पोरकी झाल्यावर, अकराव्या वर्षाच्या सुमारास ती मठात आली. मोठी झाल्यावर तिला दर्शने होऊ लागल्याचे ती सांगू लागली. इ. स. १५८४ च्या मार्चमध्ये, संत थॉमस अक्वायनसच्या सणाच्या दिवशी, तिच्या तळहातांवर व पायांवर खिळ्यांच्या खुणा प्रकट झाल्या. तिच्या कुशीला लावलेल्या कापडावर रक्ताचे पाच ठिपके क्रुसाच्या आकारात उमटत. अशी कापडे भाविक लोक अवशेष म्हणून जपून ठेवीत आणि दूरदूर पाठवीत. तिला प्रकाशाने वेढलेली पाहिल्याचे, जमिनीपासून वर उचललेली पाहिल्याचे लोक सांगत.

लिस्बनमध्येच फादर लुईस द ग्रानादा राहत होते. इ. स. १५०४ मध्ये जन्मलेले हे डॉमिनिकन धर्मगुरू त्या काळच्या युरोपातील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या आध्यात्मिक लेखकांपैकी एक. त्यांचे प्रार्थनेवरील ग्रंथ घरोघरी होते. ते विद्वान होते, नम्र होते, आणि ऐंशी वर्षांच्या पुढे गेले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती. मारियाची साधी वागणूक, तिचा आज्ञाधारकपणा आणि गोड बोलणे यांनी त्यांचे मन जिंकले. त्यांनी तिचे चरित्र लिहावयास घेतले.

मठात मात्र सगळ्या भगिनींचे समाधान नव्हते. काहींनी दाराच्या फटीतून पाहिले होते, आणि मारिया स्वतःच्या हातावर जखमा रंगवते असे त्यांचे म्हणणे होते. तक्रार वरिष्ठांकडे गेली आणि इ. स. १५८७ मध्ये संघाच्या वतीने पहिली तपासणी झाली. तपासणाऱ्यांत वृद्ध फादर लुईसही होते. त्यांनी जखमा धुवून पाहण्याचा प्रयत्न केला, पण मारियाने असह्य वेदनांचा इतका आक्रोश केला की त्यांचा हात थांबला. ज्या जखमा खुद्द ख्रिस्ताच्या असू शकतील, त्यांना घासून एका पवित्र स्त्रीला यातना द्यायच्या, ही कल्पनाच त्यांना सोसवली नाही. खुणा खऱ्या असल्याचा निर्वाळा देण्यात आला, आणि तक्रार करणाऱ्या भगिनी मत्सरी ठरल्या.

या पहिल्या तपासणीत नेमके काय चुकले? तपासणारे अडाणी नव्हते. त्यांच्याच संघात होऊन गेलेल्या थॉमसचे ग्रंथ त्यांना तोंडपाठ असतील. देवदूत, दुरात्मे, निसर्गाच्या गुप्त शक्ती यांविषयीचे सारे भेद त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी मोठा प्रश्न आधी विचारला: हे देवाचे की सैतानाचे? आणि व्यक्तीच्या सद्वर्तनाकडे पाहून त्याचे उत्तर दिले. लहान प्रश्न, म्हणजे मुळात येथे जखम आहे का, हा पुरता विचारलाच गेला नाही. तिन्ही दालनांपैकी सर्वांत क्षुद्र दालन, फसवणुकीचे, त्यांनी घाईने बंद केले. वेदनेचा आक्रोश ही त्यांना पावित्र्याची खूण वाटली. प्रत्यक्षात तीच तपासणी बंद पाडण्याची युक्ती होती. परीक्षा होऊ न देणारी प्रत्येक अडचण संशयास्पद मानली पाहिजे, हा धडा त्यांना नंतर शिकावा लागला.

पुढच्याच वर्षी वारे फिरले. फिलिप राजाचे पोर्तुगालवरील राज्य अन्यायाचे आहे, ते खऱ्या वारसांचे आहे, अशा आशयाची वचने मारियाच्या मुखातून बाहेर पडू लागल्याचे राज्यकर्त्यांच्या कानी गेले. राज्याचा कारभार पाहणारे कार्डिनल आल्बेर्त हेच पोर्तुगालच्या धर्मचौकशी न्यायालयाचेही प्रमुख होते. त्यांच्या अमलाखाली दुसरी चौकशी झाली. येथे इतिहासकाराने प्रामाणिकपणे सांगावयास हवे की, या चौकशीमागे निखळ सत्यप्रेम नव्हते. ती बाई राजसत्तेला अडचणीची झाली नसती, तर कदाचित साबण बाहेर निघालाच नसता. पण हेतू कोणताही असो, पाण्यात उतरलेला रंग कोणाच्या हेतूवर अवलंबून नव्हता. या वेळी तिच्या किंकाळ्यांना दाद न देता हात घासले गेले. रंग निघाला. मग तिने कबुली दिली: जखमा रंगाच्या होत्या, कापडावरचे रक्त स्वतःला टोचून काढलेले होते, दर्शने आणि तो प्रकाशही रचलेला होता.

तिला लिस्बनबाहेरच्या एका मठात आजन्म बंदिवासाची शिक्षा झाली. तिची चित्रे आणि ती कापडे लोकांकडून परत मागविण्यात आली. तिच्या भाकितांचे काय झाले, हे वेगळे सांगावयास नको. पण थोडे थांबून पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. इ. स. १६४० मध्ये पोर्तुगाल खरोखरच स्पेनपासून मुक्त झाले आणि ब्रागान्सा घराण्याकडे गादी आली. मग तिची वाणी खरी ठरली म्हणायची का? थॉमसची कसोटी येथे किती उपयोगी आहे ते पाहा. परकीय राजाविरुद्ध प्रजा कधीतरी उठेल, हे कारणांवरून कोणताही जाणता माणूस सांगू शकत होता. ती इच्छा होती, अंदाज होता. ईश्वरी दर्शन नव्हे.

या प्रकरणाने जो प्रश्न उघडा पडला, त्याचे पद्धतशीर उत्तर सुमारे दीडशे वर्षांनी मिळाले. ते देणारे प्रोस्पेरो लाम्बेर्तीनी. बोलोन्या येथे इ. स. १६७५ मध्ये जन्मलेले हे कायदेपंडित इ. स. १७०८ ते १७२८ अशी वीस वर्षे रोममध्ये ‘श्रद्धेचा रक्षक’ या पदावर होते. लोक या पदाला गमतीने सैतानाचा वकील म्हणत. कोणाला संत म्हणून जाहीर करण्याचा प्रस्ताव आला, की त्याविरुद्ध जितक्या शंका काढता येतील तितक्या काढणे, हे त्यांचे काम. म्हणजे लिस्बनला पहिल्या तपासणीत जे कोणीच केले नाही, ते करण्यासाठी येथे एक माणूस पगार देऊन नेमलेला होता. शंका घेणारा हा मत्सरी नव्हे, तो न्यायाचा सेवक आहे, हे ख्रिस्तसभेने स्वतःच्या घरात मान्य केले होते. या अनुभवावर लाम्बेर्तीनींनी इ. स. १७३४ ते १७३८ या काळात आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. इ. स. १७४० मध्ये तेच चौदावे बेनेदिक्त या नावाने पोप झाले.

त्यांच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात रोगमुक्तीचा चमत्कार ओळखण्याच्या सात अटी आहेत. त्या नुसत्या वाचण्यापेक्षा एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, एखाद्या मुलाला मुदतीचा ताप आला आहे. पूर्वी औषध नव्हते, तेव्हाचा काळ. विसावा दिवस उजाडला. घरच्यांनी संताला नवस केला, रात्रभर रोझरी म्हटली. एकविसाव्या दिवशी पहाटे मुलाला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, आणि महिन्याभरात पोर चालू लागले. घरच्यांनी देवाचे आभार मानले आणि ते योग्यच केले. पण हा चमत्कार म्हणून रोमला पाठवला तर?

लाम्बेर्तीनींची पहिली अट अशी की, रोग गंभीर आणि बरा होण्यास अशक्य किंवा अतिशय कठीण असावा. ताप गंभीर होता, पण पुष्कळ मुले त्यातून आपोआप वाचत. दुसरी अट, रोग आपसूक उताराला लागण्याच्या अवस्थेत नसावा. इथे मुदत भरत आली होती. तिसरी, औषध दिलेले नसावे, किंवा दिले असल्यास त्याचा उपयोग झालेला नसावा. हिला आपले उदाहरण उतरते. चौथी, बरे होणे अकस्मात, तत्क्षणी घडावे. ताप एकदम उतरला, पण शक्ती यायला महिना लागला. पाचवी, बरे होणे पूर्ण असावे. तेही त्या दिवशी नव्हते. सहावी अट बारकाईची आहे: आधी शरीरातून घाम, रक्तस्राव असा एखादा मोठा निचरा योग्य वेळी होऊन रोग उतरलेला नसावा, कारण तो निसर्गाचा मार्ग आहे. आपला दरदरून फुटलेला घाम नेमका तोच. सातवी, रोग पुन्हा उलटू नये. ती कळायला वाट पाहावी लागते. सातपैकी एक अट पुरती उतरली, एकीचा निकाल काळावर राहिला, उरलेल्या पाच अडल्या. प्रकरण फेटाळले जाईल.

हे फेटाळणे म्हणजे देवाने मुलाला वाचवले नाही असे म्हणणे नव्हे. निसर्गाच्या हातांनी बरे करणाराही देवच. फक्त, निसर्गाला जे जमते त्याच्यावर चमत्काराचा शिक्का मारून ते संतपदाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. लाम्बेर्तीनींनी मनाच्या शक्तीचाही स्वतंत्र विचार केला. प्रबळ कल्पनेने आणि भावनेने शरीरावर परिणाम होतो, काही दुखणी त्यानेच येतात आणि त्यानेच जातात, हे त्यांना मान्य होते. म्हणून अशी दुखणी ते पुरावा म्हणून सहसा स्वीकारीत नसत. थॉमसने सांगितलेले कुंपण येथे वैद्यकाच्या भाषेत आखलेले दिसते.

मात्र शंका घेणे म्हणजे सदैव नाकारणे नव्हे. कुपेर्तिनोचे संत योसेफ (१६०३–१६६३) प्रार्थनेत जमिनीपासून वर उचलले जात, अशी साक्ष अनेकांनी दिली होती. त्यांच्या प्रकरणात लाम्बेर्तीनींनी विरोधी बाजू लढवली. साक्षी तपासल्या, उलटसुलट प्रश्न केले. शेवटी साक्षीदारांची विश्वसनीयता त्यांना मान्य करावी लागली, आणि पुढे पोप झाल्यावर इ. स. १७५३ मध्ये त्यांनीच योसेफ यांना धन्य घोषित केले. ज्याने शंका शेवटपर्यंत घेतल्या, त्याच्याच होकाराला वजन आले.

त्या सात अटींचा गाभा आजही वापरात आहे. संतपदाच्या प्रकरणातील रोगमुक्ती प्रथम वैद्यकीय मंडळापुढे जाते. इ. स. २०१६ च्या नियमांनुसार सात तज्ज्ञांपैकी किमान पाच जणांचे मत अनुकूल लागते, आणि एकच प्रकरण तीनपेक्षा अधिक वेळा तपासता येत नाही. डॉक्टर ‘हा चमत्कार आहे’ असे म्हणत नाहीत. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही, एवढेच ते सांगतात. त्यानंतर ते बरे होणे त्या संताच्या मध्यस्थीशी जोडता येते का, हे धर्मपंडित ठरवतात. ऑगस्टीनने दाखवलेली अडचण अर्थात शिल्लक राहते: आज उलगडत नाही ते उद्या उलगडेल का, याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच येथे मिळते ती गणितासारखी खात्री नव्हे. न्यायालयात सज्जन, सावध माणूस देतो तशी नैतिक खात्री असते. दर्शने आणि खासगी प्रकटीकरणे यांबाबत तर रोम अधिकच सावध झाले आहे. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांप्रमाणे अशी घटना अलौकिकच आहे असा निर्वाळा देणे हा आता तपासणीचा नेहमीचा शेवट नाही. त्यात श्रद्धेला बाधक काही आढळले नाही आणि भाविकांना तेथे प्रार्थनेस हरकत नाही, इतके सांगून महागुरुस्वामी थांबू शकतात. आणि मान्यता मिळालेल्या दर्शनांवरही विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. लाम्बेर्तीनींनीही हेच सांगितले होते: अशा गोष्टींना द्यायची ती मानवी संमती, प्रभूच्या सुवार्तेला द्यायची ती श्रद्धा नव्हे.

शेवटी त्या वृद्ध फादर लुईसचे काय झाले, ते सांगितलेच पाहिजे. ज्या स्त्रीचे चरित्र त्यांनी भक्तीने लिहिले होते, तिचे ढोंग जगासमोर आले. लिस्बनभर कुचेष्टा सुरू झाली. काही जण तर अशा खुणा कधी कोणाच्या अंगावर उमटल्याच नसतील, असे म्हणून संत फ्रान्सिसवरही शिंतोडे उडवू लागले असतील, तर त्यात नवल नाही. लुईसना गप्प बसता आले असते. चौरऐंशी वर्षांच्या, आंधळ्या होत चाललेल्या माणसाला कोणी काही विचारले नसते. पण त्यांनी लेखणी मागवली आणि नामांकित माणसांच्या जाहीर अधःपतनाने भाविकांचे मन कसे ढळते, आणि ते ढळू न देता कसे सावरावे, यावर एक प्रवचन लिहून काढले. आपण फसलो, हे त्यांनी लपवले नाही. ते त्यांचे अखेरचे लेखन ठरले. त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १५८८ रोजी, ते प्रभूकडे गेले.

मारियाचे हात धुताना लुईसचा हात दयेपोटी थांबला होता. ती दया खोटी नव्हती. तिची जागा चुकली होती. पुढच्या काळातील विद्वानांनी ही चूक ओळखून परीक्षेला दयेपासून वेगळे काढले आणि तिला स्वतंत्र आसन दिले. आपल्या गावात, आपल्या कुटुंबात जेव्हा कोणी सांगत येते की अमुक मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आले, अमुक माणसाला दर्शन झाले, अमुक तारखेला असे घडणार आहे, तेव्हा आधी पाणी कुठून आले ते पाहण्यात श्रद्धेचा अपमान होत नाही. जे खरे आहे, ते साबणाने धुतले तरी जात नाही.